गाडीचा करार शेवटच्या हप्त्याआधी संपला तर: कोकणातल्या नव्या कर्जदारांसाठी

गाडी घेताना शोरूममध्ये बोलणं होतं ते डाउन पेमेंटचं आणि हप्त्याचं. कराराची बरीचशी पानं मात्र वेगळ्याच गोष्टीवर खर्च झालेली असतात: सगळे हप्ते ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले नाहीत तर काय. असं तीन प्रकारे घडतं. हातात पैसे आले म्हणून तुम्ही कर्ज आधीच फेडून टाकता. हप्ते थकतात आणि कंपनी गाडी ओढून नेते. किंवा अपघातात, पुरात गाडीच हातची जाते. आपल्याकडे वर्षाची कमाई आंब्याच्या दोन-तीन महिन्यांत येते, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि पाऊस त्याच दिवसांत नद्या फुगवतो. त्यामुळे या तिन्ही शक्यता इथे जवळच्या आहेत. सही करण्याआधी करारातली याच तीन प्रसंगांची कलमं नीट वाचायची. ती कशी वाचायची, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, राजापूर तालुक्यातल्या एका तरुणाने सात लाखांचा पिकअप घेतला. हंगामात आंबा, एरवी किराणा आणि सिमेंट असं भाडं. एक लाख स्वतःचे घातले, सहा लाखांचं कर्ज फायनान्स कंपनीकडून. व्याज वर्षाला १२ टक्के, स्थिर दराने, घटत्या शिल्लकेवर. मुदत ४८ महिने. हप्ता बसतो साधारण १५,८०० रुपये. हेच आकडे शेवटपर्यंत वापरू.

सहीआधी: पैसे देणारा कोण आणि कागद कोणता

पहिला प्रश्न व्याजाचा नाही, कर्ज देणारा कोण हा आहे. बँक आणि नोंदणीकृत फायनान्स कंपनी यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम चालतात. गावातली पतसंस्था मात्र सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. तिची तक्रार निबंधक कार्यालयात जाते, आणि थकबाकीसाठी तिला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवता येतो. पुढे मी रिझर्व्ह बँकेचे म्हणून जे नियम सांगणार आहे, ते पतसंस्थेला जसेच्या तसे लागू धरू नका. ओळखीच्या संचालकामुळे कर्ज लवकर मिळतं, पण ओळख करारात लिहिलेली नसते.

दुसरं, करार कर्जाचा आहे की भाडेखरेदीचा. कर्जाच्या करारात गाडी तुमच्या मालकीची असते आणि कंपनीकडे तारण असते. भाडेखरेदीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कायद्याने मालक कंपनी असते आणि तुम्ही भाडेकरू. आरसीवर दोन्ही प्रकारांत तुमचंच नाव आणि खाली कंपनीचा बोजा दिसतो, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. तो कळतो करारातल्या शब्दांवरून: ‘तारण’, ‘कर्जदार’ हे शब्द आहेत की ‘भाडेकरू’, ‘भाडं’, ‘खरेदीचा पर्याय’ हे. १९७२ साली भाडेखरेदीसाठी वेगळा कायदा संसदेने मंजूर केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे भाडेखरेदीत जे काही संरक्षण आहे, ते बहुतेक करारातल्या अक्षरांतून येतं. गाडी ताब्यात घेण्याची पाळी आली तर फरक पडतो तो इथेच.

तिसरं, ‘मुख्य तथ्य विवरण’ मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ आणि लघुउद्योग मुदत कर्जांना ते देणं बंधनकारक आहे, आणि तुम्हाला समजेल त्या भाषेत. मराठीत मागण्यात संकोच करू नका. त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, प्रत्येक हप्त्यातलं मुद्दल आणि व्याज दाखवणारा तक्ता, आणि मुदतीआधी फेडीचं शुल्क असतं. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या अशा कर्जात हे विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य राहायला हवं. म्हणजे ते घरी आणून, हिशेब समजणाऱ्या कुणाला दाखवून मग सही करायला तुम्हाला हक्काचा वेळ आहे. ‘आजच सही करा, उद्या स्कीम संपते’ असं म्हणणाऱ्याला हे सांगा.

या विवरणातच फ्लॅट दराचं कोडं सुटतं. ‘फक्त सात टक्के’ असं सांगितलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा ते पूर्ण सहा लाखांवर चारही वर्षं लावलेले सात टक्के असतात. चार वर्षांचं व्याज १,६८,००० आणि हप्ता १६,०००. आपल्या उदाहरणातल्या बारा टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा तो जास्त आहे. म्हणजे खरा दर साडेबाराच्या वर गेला.

आणखी एक गोष्ट सहीच्याच दिवसाची. बऱ्याच ठिकाणी करारासोबत मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून घेतात. टाळता आले तर टाळा. नाहीच टाळता आले तर त्यांवर गाडीचा चासी क्रमांक आणि तारीख घाला आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कराराची आणि जोडपत्रांची प्रत तिथेच मागा. ती देणं कंपनीचं काम आहे.

आधी फेडायचं असेल तर

आता पहिला प्रसंग. दोन हंगाम चांगले गेले, मे महिन्याच्या शेवटी हातात साडेतीन लाख आहेत आणि कर्ज एकदाचं संपवावं असं वाटतंय.

इथे पहिली गल्लत होते ती नियमाची. ‘रिझर्व्ह बँकेने फोरक्लोजर चार्जेस बंद केलेत’ असं सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू असलेल्या नियमांनुसार, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर व्यक्तीने घरगुती कारणासाठी घेतलं असेल तर मुदतीआधी फेडीचं शुल्क लावता येत नाही. बदलत्या दराच्या व्यवसायाच्या कर्जालाही बऱ्याच बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ही सूट आहे. पण गाडीची कर्जं बहुतेक स्थिर दराची असतात, आणि स्थिर दराच्या कर्जावर कंपनी आपल्या धोरणाप्रमाणे शुल्क घेऊ शकते. अट इतकी की ते मंजुरीपत्रात, करारात आणि मुख्य तथ्य विवरणात आधी सांगितलेलं असलं पाहिजे, आणि तुम्ही जेवढी रक्कम आधी भरता तेवढ्यावरच ते मोजलं पाहिजे. मूळ सहा लाखांवर नाही.

म्हणून करारातलं हे कलम वाचताना चार गोष्टी शोधा. दर किती टक्के आहे. तो कशावर आहे: शिल्लक मुद्दलावर, की उरलेल्या सगळ्या हप्त्यांच्या बेरजेवर? दुसरं असेल तर तुम्ही न घेतलेल्या पैशांच्या व्याजावरही शुल्क भरता. पहिले काही महिने फेडायला बंदी आहे का. आणि थोडी थोडी रक्कम भरायची मुभा आहे का, असेल तर वर्षातून किती वेळा. आंब्याच्या कमाईवर चालणाऱ्याला ही शेवटची मुभा फार मोलाची असते. दर हंगामात पन्नास हजार मुद्दलात भरता येणार असतील, तर शुल्कात अर्धा टक्का जास्त असला तरी मी तो करार पसंत करीन.

आपल्या पिकअपचा हिशेब मांडू. शुल्क ५ टक्के, त्यावर जीएसटी १८ टक्के.

२४ हप्ते भरल्यावर मुद्दल उरतं साधारण ३,३५,६५० रुपये. शुल्क १६,७८० आणि जीएसटी ३,०२०, मिळून १९,८००. उरलेले २४ हप्ते भरत राहिलात तर त्यांत व्याज जाणार होतं सुमारे ४३,५५०. म्हणजे आज फेडून जवळजवळ पावणेचोवीस हजार वाचतात. फेडणं परवडतं.

३६ हप्ते भरल्यावर मुद्दल १,७७,८३० आणि उरलेलं व्याज फक्त ११,७७० च्या आसपास. शुल्क आणि जीएसटी मिळून होतात १०,४९०. वाचले जेमतेम बाराशे-तेराशे. तीच पावणेदोन लाखांची रक्कम बँकेत ठेवून हप्ते भरत राहिलात तर त्याहून जास्त व्याज मिळेल.

४० हप्त्यांनंतर तर उरलेलं व्याज ५,५०० आणि शुल्क ७,१३०. इथे कर्ज लवकर फेडल्याबद्दल तुम्ही पदरचे सोळाशे रुपये घालता.

हप्त्यातला व्याजाचा मोठा भाग सुरुवातीच्या वर्षांत वसूल झालेला असतो, म्हणून असं होतं. फेडायचंच असेल तर पहिल्या अर्ध्या मुदतीत फेडा. शेवटच्या वर्षात आलेला पैसा गाडीच्या टायरांना, फिटनेसला किंवा पुढच्या विम्याला ठेवा.

प्रत्यक्ष फेडताना आधी लेखी अर्ज करून फोरक्लोजर लेटर मागा. त्यात मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, शुल्क, जीएसटी, चेक किंवा मँडेट परत गेल्याचे आकार आणि दंड हे सगळं वेगवेगळं दाखवलेलं असावं. दंडाच्या ओळीकडे नीट बघा. उशिराच्या हप्त्यावर आता दंडात्मक शुल्क घेता येतं, दंडव्याज नाही, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. पत्रावर ते किती तारखेपर्यंत चालेल ते असतं. तारीख उलटली तर आकडा बदलतो. पैसे बँकेतून थेट कर्जखात्यात भरा. वसुलीवाल्याच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

एक अडचण इथे अनेकांना अचानक आडवी येते. कर्ज फिटलं तरी कंपनी एनओसी देत नाही, कारण तुम्ही भावाच्या किंवा मेव्हण्याच्या गाडीला जामीन आहात आणि त्याचे हप्ते थकलेत. करारात ‘इतर कोणत्याही देण्यासाठी ही गाडी तारण राहील’ अशा अर्थाचं वाक्य असतं, त्याच्या जोरावर हे होतं. सहीआधी ते शोधा आणि काढून घेता येतं का बघा. त्याच कंपनीत दुसऱ्याला जामीन राहताना तुमची स्वतःची गाडीही त्यात अडकते, हे ध्यानात ठेवा.

हप्ते थकले तर

पावसाळ्याचे महिने कठीण. जूनपासून भाडं तुटतं, मासळीच्या गाड्या तर उभ्याच राहतात. कर्ज घेतानाच कंपनीला सांगून जून ते ऑगस्टचे हप्ते लहान आणि मार्च ते मेचे मोठे असा तक्ता करून मिळतो का ते विचारा. काही कंपन्या करून देतात. हप्ता थकल्यावर केलेल्या विनवणीपेक्षा आधी करून घेतलेला तक्ता कितीतरी कामाचा.

तरीही थकलेच तर काय होईल, ते करारातल्या ताब्याच्या कलमात असतं. रिझर्व्ह बँकेच्या आचारसंहितेप्रमाणे फायनान्स कंपनीच्या करारात या गोष्टी लिहिलेल्या असायलाच हव्यात: ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, कोणत्या परिस्थितीत नोटीस न देता ताबा घेता येईल, ताबा कसा घेणार, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी, गाडी परत द्यायची पद्धत, आणि विक्री किंवा लिलावाची पद्धत. ही कलमं करारात शोधा आणि पेन्सिलीने खुणा करा. एखादी सापडली नाही तर सहीआधी लेखी विचारा.

यातलं सगळ्यात धारदार वाक्य नोटीस न देण्याविषयीचं. ‘कंपनीला गाडी धोक्यात आहे असं वाटल्यास’ इतक्या मोघम शब्दांत ते लिहिलेलं असेल, तर नोटिसीच्या दिवसांना फारसा अर्थ उरत नाही. न्यायालयंही करार काय म्हणतो याकडेच बघतात. मॅग्मा फिनकॉर्पच्या २०२० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडेखरेदीत सगळे हप्ते फिटेपर्यंत मालक कंपनीच असते, करारात मुभा असेल तर ती ताबा घेऊ शकते, आणि नोटीस लागते की नाही हे कराराच्या अटींवर ठरतं. दुसरीकडे गुंड पाठवून, दमदाटी करून गाडी हिसकावण्याला न्यायालयाने २००७ च्या आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात स्पष्ट नकार दिला आहे. करार ताब्याचा अधिकार देतो, मारहाणीचा देत नाही.

आता समजा पिकअपचे तीन हप्ते थकले आणि हातखंब्याच्या नाक्यावर चौघांनी गाडी थांबवली. भांडू नका, आणि चावीही लगेच देऊ नका. आधी कागद मागा: माणसांचं ओळखपत्र, कंपनीने त्यांना या गाडीसाठी दिलेलं अधिकारपत्र, आणि तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीची प्रत. रीत अशी की ताब्याआधी आणि ताब्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याला कळवलं जातं, तेव्हा कोणत्या ठाण्याला कळवलं आहे तेही विचारा. कागद नसतील तर ११२ ला फोन करा. बोलण्याचा व्हिडिओ काढून ठेवा. वसुलीसाठी फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला बँका आणि कंपन्यांना मनाई आहे, हेही माहीत असू द्या.

कागद बरोबर असतील आणि गाडी द्यावीच लागत असेल, तर तीन कामं करून घ्या. पहिलं, गाडीतला माल उतरवून घ्या. कर्ज गाडीवर आहे, त्यातल्या आंब्याच्या पेट्यांवर नाही. दुसरं, यादी: टायर, स्टेपनी, बॅटरी, टेप, ताडपत्री, जॅक आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेला कागद, त्यावर त्यांची सही. तिसरं, ताब्याची पावती, तारीख आणि वेळेसह. त्या क्षणानंतर गाडीने काही केलं तर ती कुणाच्या ताब्यात होती याचा तुमच्याकडचा पुरावा तोच.

एका कागदावर मात्र विचार न करता सही करू नका. ‘मी स्वखुशीने गाडी जमा करत आहे’ असं छापलेलं सरेंडर पत्र गडबडीत पुढे केलं जातं. तुम्ही खरोखर स्वतःहून गाडी नेऊन देत असाल तर गोष्ट वेगळी. रस्त्यात अडवून घेतलेल्या गाडीवर स्वखुशीची सही केलीत, तर पुढच्या तक्रारीचा पायाच गेला.

गाडी गोडाऊनला गेली म्हणजे कर्ज थांबलं असं नाही. व्याज चालूच राहतं, वर ओढण्याचा आणि गोडाऊनचा खर्च. विक्रीआधी येणाऱ्या नोटिशीत किती पैसे किती दिवसांत भरले तर गाडी परत मिळेल ते असतं. काही करारांत फक्त थकलेले हप्ते आणि खर्च भरून गाडी परत मिळते, काहींत सगळं कर्ज एकदम मागतात. हा फरक पन्नास-साठ हजार की तीन लाख एवढा मोठा आहे, आणि तोही करारात आधीच लिहिलेला असतो. पत्ता बदलला असेल तर कंपनीला लेखी कळवून ठेवा. मुंबईच्या खोलीच्या पत्त्यावर गेलेली नोटीस राजापुरात कुणी वाचत नाही.

लिलावात येणी फिटून पैसे उरले तर ते तुमचे. कमी पडले तर उरलेली बाकी तुमच्याकडून आणि जामीनदाराकडून मागितली जाते. म्हणून मूल्यांकनाची प्रत, विक्रीची किंमत आणि अंतिम हिशेब लेखी मागा. तुमच्याकडे चांगली किंमत देणारं गिऱ्हाईक असेल तर लिलावाआधी तेही लेखी कळवा. आरसीचं म्हणाल तर, ताब्यानंतर कंपनी फॉर्म ३६ भरून आपल्या नावावर नवं आरसी मागू शकते. तुम्ही पुस्तक देत नसाल तरी आरटीओ तुम्हाला नोटीस देऊन, म्हणणं ऐकून ते करू शकतं. आरसी लपवून गाडी वाचत नाही.

हप्ते झेपेनात म्हणून गाडी दुसऱ्याला ‘पुढचे हप्ते तू भर’ म्हणून शंभराच्या स्टॅम्पवर देण्याची रीत आपल्याकडे बरीच आहे. कृपा करून ती वाट धरू नका. करारात गाडी असं हस्तांतरित करायला मनाई असते, हप्ते बुडाले तर बाकी तुमच्या नावावर चढते, आणि अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात आरसीवरचा मालक म्हणून नाव तुमचंच येतं. विकायचीच असेल तर कंपनीची संमती घेऊन कर्ज नव्या माणसाच्या नावावर करून द्या.

विमा: तुमचं काम, त्यांचा पहिला हक्क

तिसरा प्रसंग गाडीच जाण्याचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा बाजारपेठेतल्या गाड्या उभ्या जागी बुडाल्या. त्याच पावसात महाडही बुडालं. अशा वेळी विम्याचं कलम वाचलेल्याचा आणि न वाचलेल्याचा फरक लाखांत पडतो.

कायदा फक्त थर्ड पार्टी विमा मागतो. तो समोरच्याचं नुकसान भरतो. तुमची गाडी बुडाली तर त्यातून काही मिळत नाही. करार मात्र सर्वसमावेशक विमा मागतो, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसह, आणि तो कर्ज फिटेपर्यंत दरवर्षी चालू ठेवणं तुमची जबाबदारी ठरवतो. पॉलिसीवर कंपनीच्या तारणाची नोंद असायला हवी. नूतनीकरणाला एजंट ‘स्वस्तात करून देतो’ म्हणतो आणि नुसता थर्ड पार्टी काढून देतो, तेव्हा पोलिसाला दाखवायला कागद होतो, पण कराराचा भंगही होतो. विमा खंडित होणं हा बहुतेक करारांत हप्ता थकण्याइतकाच कसूर धरलेला असतो. म्हणजे एकही हप्ता न चुकवता ताब्याचं कलम लागू होऊ शकतं. शिवाय कंपनी स्वतः विमा उतरवून तो हप्ता तुमच्या बाकीत घालू शकते. खात्याच्या उताऱ्यात ‘विमा’ अशी न ओळखीची ओळ दिसली तर ती पॉलिसी मागवून बघा.

विमा असणं बंधनकारक आहे. तो त्यांच्याच एजंटकडून घेणं नाही. कर्जाबरोबर जीवनविमा जोडून त्याची रक्कम कर्जात मिळवली असेल, तर तो तुम्ही मागितला होता का ते बघा, आणि कर्ज आधी फेडलं तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात का ते लेखी विचारा.

आता पिकअपकडे. २६ हप्ते भरून झालेत, जुलै महिना, रात्रीत पाणी आलं आणि गाडी काचेपर्यंत बुडाली. कर्जाची बाकी आहे सुमारे ३,१०,६०० रुपये. पॉलिसीवर गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, समजा ४,९०,००० आहे. दोन ते तीन वर्षं वयाच्या गाडीला मूळ किमतीतून ३० टक्के घसारा धरतात, त्यावरून हा आकडा आला.

पाणी ओसरल्यावर इंजिन चालू करायचं नाही. हे मी आवर्जून सांगतो. पाणी शिरलेलं इंजिन फिरवलं की आतले भाग मोडतात, आणि ते नुकसान पुराचं नसून तुमच्या कृतीमुळे झालं असं म्हणून विमा कंपनी ते नाकारते. बॅटरीची वायर काढा, पाण्याची रेघ आणि नंबरप्लेट एकत्र दिसेल असे फोटो घ्या, त्याच दिवशी विमा कंपनीला दाव्याची सूचना द्या, फायनान्स कंपनीलाही लेखी कळवा, आणि गाडी टो करूनच हलवा. सर्व्हेअरने बघण्याआधी काही उघडू नका.

दुरुस्तीचा खर्च विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त असेल, म्हणजे इथे ३,६७,५०० च्या वर, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. तेव्हा दाव्याच्या रकमेवर पहिला हक्क फायनान्स कंपनीचा. ४,९०,००० मधून पॉलिसीतली ठरलेली वजावट जाते, मग ३,१०,६०० आणि त्यावरचं चालू व्याज कंपनीला जातं, आणि साधारण पावणेदोन लाख तुमच्या हातात येतात. नव्या गाडीचं डाउन पेमेंट त्यातून होतं. हाच विमा नुसता थर्ड पार्टी असता तर? गाडी गेली, हातात शून्य, आणि तीन लाखांचं कर्ज तसंच उभं.

दावा चालू असताना हप्ता थांबत नाही, ही गोष्ट लोकांना सगळ्यात जास्त धक्का देते. एका शहरातल्या शेकडो गाड्यांचे दावे एकदम लागले की सर्व्हेअरला वेळ लागतो. त्या काळातला चुकलेला हप्ता दंडासह चढतो आणि दाव्यातून तुमच्याकडे येणारी रक्कम घटते. पैसे नसतील तर सवलतीसाठी लेखी अर्ज करा, फोनवरचं आश्वासन धरून बसू नका. आणि दाव्याच्या रकमेतून कर्ज बंद होताना मुदतीआधी फेडीचं शुल्क लावणार का, हे सहीच्याच वेळी विचारून करारात लिहून घ्या. फेडण्याचा निर्णय तुमचा नसतो, तर शुल्क कशाचं, हा तुमचा मुद्दा.

नूतनीकरणाची तारीख जून-जुलैत येत असेल तर शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पॉलिसी एक दिवस जरी तुटली तरी नवी देताना विमा कंपनी गाडी तपासायला मागते, आणि नव्वद दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो.

कर्ज फिटल्यावरची शेवटची कामं

कर्ज कोणत्याही वाटेने फिटलं तरी कागद आपोआप सुटत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा असतो. कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. एनओसी आणि कंपनीची सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ घ्या, दिलेले कोरे चेक परत मागा, बँकेतलं हप्त्याचं मँडेट बंद करा.

मग parivahan.gov.in वर बोजा उतरवण्याचा अर्ज भरून आपल्या आरटीओत जा: राजापूरकरांना रत्नागिरी, देवगडवाल्यांना सिंधुदुर्ग, महाड-श्रीवर्धनकडच्यांना पेण. विमा आणि पीयूसी चालू असायला हवेत. एनओसीवर मुदत असते, ती संपायच्या आत हे उरका.

अडवणूक झाली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. विम्याच्या दाव्यासाठी विमा लोकपाल वेगळा आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे.

बोजा उतरलेलं नवं आरसी हाती आलं की त्याची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवरची तारणाची नोंदही काढून घ्या. ती राहिली तर उद्या दावा करताना, फिटलेल्या कर्जासाठी त्याच फायनान्स कंपनीचं पत्र पुन्हा आणायला सांगतात.